दिवाळी भेटींचं पॅकिंग (आपला सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर)

मंजुषा, बी-३०४: आपल्या नऊ कर्मचाऱ्यांच्या दिवाळी भेटी ठरल्या. फराळाचा डबा आणि त्यावर टॉवेल. गिफ्ट पॅकिंगचे दुकानात विचारले तर एका नगाला ४० रुपये सांगतायत. वर्गणीतून तेवढे उरत नाहीत. जुने पेपर, घरातल्या चिंध्या असं काही वापरून घरीच करू या का?

प्रशांत, ए-१०२: पेपरात गुंडाळून? भजी आहेत का ती? 😄

मंजुषा, बी-३०४: थांबा हो. काल रात्री एक करून बघितला, फोटो टाकते. लांबून झकास दिसतोय.

मंजुषा, बी-३०४: जवळून मात्र दोन घोटाळे. एक, आतला पांढरा टॉवेल कडेने करडा झाला. दोन, चकलीचं तेल डब्याच्या झाकणाच्या कडेने आलं आणि पेपरावर पारदर्शक डाग पडला, बरोबर दर्शनी बाजूला.

सुधीर काका, सी-२०१: छापखान्यात पंचवीस वर्षं घालवली म्हणून सांगतो. वर्तमानपत्राची शाई वाळून कडक होत नाही, कागद तिला शोषून घेतो. त्यामुळे घासलं की सुटते. ताजा पेपर घेतलास का?

मंजुषा, बी-३०४: कालचाच.

सुधीर काका, सी-२०१: मग झालं. महिना-दोन महिने जुना घे, तो कमी सुटतो. अजिबात सुटत नाही असं मात्र नाही. पांढऱ्या रुमालाने पानावर जोरात एकदा घास, रुमाल मळला तर ते पान बाजूला ठेव. आणि टॉवेलला पेपर लागूच द्यायचा नाही, मध्ये कोरा कागद पाहिजे. खाण्याच्या पदार्थाला तर बिलकुल नाही. अन्न पेपरात गुंडाळायला सरकारी नियमानेच मनाई आहे, २०१८ च्या.

मंजुषा, बी-३०४: फराळ पिशवीत बंद करून मग डब्यात घालते. पण काका, घडीही धड पडत नव्हती. एकीकडे सरळ, दुसरीकडे कागद भसकन फाटला.

सुधीर काका, सी-२०१: कागदाला धार असते. पेपर वरून खाली फाडून बघ, रकान्यांच्या रेषेत सरळ फाटतो. आडवा फाडलास तर वेडावाकडा जातो. म्हणून डब्याच्या लांब कडेची घडी रकान्यांच्या दिशेने येईल असा पेपर ठेवायचा. आडव्या घड्या दोन्ही टोकांना येतात, त्या नखाने दाबू नकोस, हळू वळव. एकेरी पान फाटतंच, दुहेरी घे.

वैशाली, ए-३०१: आणि पान बघून घ्या. मागच्या वर्षी माझ्या दिराने भाऊबीजेची भेट गुंडाळून आणली, वर बरोबर ‘दुःखद निधन’चा चौकोन. सासूबाई अजून विसरल्या नाहीत.

प्रशांत, ए-१०२: 😂😂 शेअर बाजाराचं पान चांगलं. सगळीकडे सारखे बारीक आकडे, डिझाइनच वाटतं.

वैशाली, ए-३०१: शब्दकोड्याचं त्याहून छान. आमच्याकडे कन्नड पेपर येतो, ती गोल गोल अक्षरं तर नक्षीच दिसतात.

लक्ष्मीअक्का, सी-१०३: मी एक बोलू का. रागावू नका.

लक्ष्मीअक्का, सी-१०३: आपल्या भावाला पेपरात दिलं तर तो हसेल, म्हणेल काय डोकं चालवलंय. वॉचमनमामांना पेपरात दिलं तर त्यांना वाटेल, उरलंसुरलं रद्दीत बांधून दिलं. आपण कितीही सजवा. माझे सासरे मागावर कामाला होते. दिवाळीला मालक काय द्यायचा आणि कशात द्यायचा, घरात दोन्हीची चर्चा व्हायची.

प्रशांत, ए-१०२: अक्का, हे खरंय. भज्यांचं मीच म्हणालो होतो, तेच त्यांच्याही मनात येईल.

मंजुषा, बी-३०४: मग?

लक्ष्मीअक्का, सी-१०३: कापडात बांधा. प्रत्येकीच्या कपाटात ओटीत आलेले ब्लाउजपीस पडलेत की नाही? पुढच्या हळदीकुंकवाला तेच फिरवता सगळ्या. ते काढा. कापू मात्र नका, अख्खाच वापरा. उघडल्यावर त्यांच्या घरी ब्लाउज शिवला जाईल. पेपर मात्र फाडून टाकतात.

वैशाली, ए-३०१: मी चार देते. दोन अजून घडीतले आहेत.

सुधीर काका, सी-२०१: कापड पुरेल का याचा हिशोब करा आधी. डबा केवढा?

मंजुषा, बी-३०४: टॉवेल वर ठेवून २५ सेंमी लांब, १८ रुंद, ८ उंच.

लक्ष्मीअक्का, सी-१०३: सोपं आहे. कापड पत्त्यातल्या चौकटसारखं तिरपं ठेवायचं, डबा मधोमध, त्याची लांबी कोपऱ्याकडे. लांबीच्या दोन कोपऱ्यांची गाठ वर मध्ये येते. म्हणजे लांबी दुप्पट, उंची दुप्पट आणि गाठीला २० सेंमी. ५० आणि १६ आणि २०, झाले ८६. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एवढं मिळालं की पुरे. चौकोनाची बाजू ६० च्या आसपास येते. ब्लाउजपीस त्याहून मोठा असतो.

मंजुषा, बी-३०४: मोठा असेल तर गाठोडं ढगळ नाही का दिसणार?

लक्ष्मीअक्का, सी-१०३: आधी रुंदीकडचे दोन कोपरे डब्यावर घ्यायचे, उरलेलं टोक डब्याखाली खोचायचं, घट्ट. मग लांबीचे दोन कोपरे वर आणून सरळ गाठ, उजवं डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर. दोन्हीवेळा एकाच बाजूने गेलं की गाठ आडवी फिरते आणि हातात घेतल्यावर सुटते. जास्तीची टोकं गाठीतून फुलासारखी उलगडा. सिल्कचा असेल तर घसरतो, त्याच्या गाठीत सुतळीचा एक वेढा द्या.

वैशाली, ए-३०१: आणि नऊ पुरले नाहीत तर?

लक्ष्मीअक्का, सी-१०३: सगळ्या घरांतून मागा, नऊ होतील. युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडे कात्रण किलोवर मिळतं, पण चौकोन मोठे निघत नाहीत. त्याच्या पट्ट्या काढा, चार बोटं रुंद. सुती असेल तर थोडी कापून हाताने फाडा, सरळ फाटतं, कडेचे पाच-सहा धागे ओढले की झालर होते. टेरिकॉट सहज फाटत नाही, त्याला कात्रीच बरी. त्या पट्ट्या तुमच्या घरच्या पेपरवाल्या भेटींना. पेपर करडा, पट्टी लाल, बास. दोन रंगांच्या पट्ट्या झाल्या की गिचमिड.

मंजुषा, बी-३०४: गाठीत झेंडू खोवू?

वैशाली, ए-३०१: नको गं, ओला असतो. दुसऱ्या दिवशी देठातलं पाणी कापडावर उतरतं, पिवळा डाग जाता जात नाही. आंब्याचं पानही दोन दिवसांत वळतं. देण्याच्या सकाळी खोवलं तर ठीक.

सुधीर काका, सी-२०१: बाजरी नुकतीच निघालीय. माझ्या गावचा भाऊ शनिवारी येतोय, कणसं सांगतो. सुकं, टिकेल असं. ज्वारीची मिळणार नाहीत, ती आता शेतात उभी आहे.

लक्ष्मीअक्का, सी-१०३: कणसं आधी दोन दिवस कडक उन्हात टाका, नाहीतर फराळाशेजारी किडे निघतील. एका भेटीला एकच कणीस, देठ सुतळीत.

मंजुषा, बी-३०४: मग खर्च? नऊ भेटींना सुतळी आणि पिशव्या, बाकी घरचंच. शंभर रुपयांच्या आत बसतंय.

प्रशांत, ए-१०२: माझ्याकडे ब्लाउजपीस नाहीत, आई गावाला असते. गाठी मारायला येतो. अक्का, उजवं डाव्यावर की डावं उजव्यावर?

लक्ष्मीअक्का, सी-१०३: रविवारी चार वाजता गच्चीवर या. आधी तुमच्या बुटाच्या नाडीवर शिकवते.

वैशाली, ए-३०१: मंजुषा, तो तेलकट नमुना कुणाला देणारेस?

मंजुषा, बी-३०४: नवऱ्याला दिला. चकल्या संपल्या, टॉवेल भिजत घातलाय.