मदत हवी आहे: काकू म्हणतात "पिन तूच टाक", मी काय करू?

कोथरूडची_मदतनीस

नमस्कार. गेलं दीड वर्ष मी आमच्या भागातल्या ज्येष्ठांना मोबाईल शिकवते. घरी जाऊन तासाभराचे २५० रुपये घेते. व्हिडिओ कॉल, वीजबिल, बँकेचं अ‍ॅप, जे अडेल ते.

अडचण एका काकूंची आहे. वय ७९, एकट्या राहतात, मुलगी नाशिकला. पार्किन्सनमुळे बोट थरथरतं. युपीआयचा सहा आकडी पिन टाकताना एखादा आकडा दोनदा उमटतो, तीनदा पिन चुकला की त्या दिवसापुरतं सगळं बंद. मग काकू वैतागून म्हणतात, "तूच टाक गं, तुला काय मी परकी आहे का?" पिन कालनिर्णयाच्या मागे लिहून ठेवलाय, मला न विचारता दिसतोच. दोन-तीनदा मी टाकलाही. चूक झाली, मान्य.

गेल्या महिन्यात मुलीने पासबुक पाहून फोन केला, "हे १,८४० रुपये कशाचे?" तिचा सूर मला कळला. अ‍ॅपमधला व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि पासबुकातली नोंद जुळवून पाहिली तर पैसे औषधाच्या दुकानाला गेले होते, काकू विसरल्या होत्या. विषय मिटला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पिन हाताळणं बंद करायचं आहे. काकूंचे व्यवहार मात्र बंद पडायला नकोत. काय व्यवस्था करता येईल?

सदाशिव_पेठी

एवढं घाबरायचं कारण नाही. पिन लिहून ठेवायचा नाही, त्यांनी तोंडाने सांगायचा, तुम्ही टाकायचा. ओटीपी मात्र कोणालाच द्यायचा नाही. आणि काही गडबड झालीच तर तीन दिवसांत बँकेला कळवलं की पैसे परत मिळतात, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

निवृत्त_खिडकी_क्र_४

सदाशिवराव, नियम अर्धाच सांगितलात. मी ३४ वर्षं बँकेत काढली, हे परिपत्रक जुलै २०१७ चं. तीन कामकाजाच्या दिवसांची सवलत चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी घोटाळा केला, अशा वेळी. ग्राहकाने आपणहून पिन दुसऱ्याला सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाच्या माथी. तोंडाने सांगितला की लिहून दिला, त्याने फरक पडत नाही.

ताई, तुमच्या बाजूने पाहा. उद्या खरंच पैसे गेले तर नोंद एवढंच सांगते की व्यवहार काकूंच्या फोनवरून, काकूंच्या पिनने झाला. बोट कोणाचं होतं ते त्यात नसतं. १,८४० च्या वेळी दुकानाचं नाव सापडलं म्हणून सुटलात. समोर अनोळखी माणसाचं नाव असतं तर तुमच्याकडे दाखवायला काय होतं?

पहिलं काम: पेन्शनचं खातं युपीआयमधून काढा. काकूंच्या नावाने दुसरं साधं बचत खातं उघडून फक्त तेच जोडा. त्यात महिन्याला चार-पाच हजार वळते करायची कायमची सूचना बँकेच्या शाखेत लिहून द्या. काहीही झालं तरी तोटा तेवढ्यापुरता राहतो.

दुसरं, मुलीची तयारी असेल तर युपीआय सर्कल. भीम अ‍ॅपमध्ये आहे. मुलगी मुख्य, काकू दुय्यम. पूर्ण मुभा दिली तर काकूंना पिन लागतच नाही, फोनच्या कुलपावर काम होतं. मर्यादा महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,०००. पैसे मुलीच्या खात्यातून जातात आणि तिला लगेच कळतं. पण कृपा करून तुम्ही स्वतः काकूंच्या खात्यावर दुय्यम होऊ नका. सोयीचं दिसेल, पण परत तुम्हीच मधे याल.

चिऊताई_७१

माझ्या आईचंही असंच आहे हो! व्हिडिओ कॉल लावला की फोन कानाला लावते, आम्हाला अर्धा तास कानातली कुडी दिसते. नाहीतर छताचा पंखा. शेवटी तिच्या टेबलावर पुस्तक ठेवायची लाकडी घोडी ठेवली, फोन तिच्यात उभा. आता चेहरा दिसतो, पण बोलताना ती घोडीकडे न बघता खिडकीकडे बघते. बाकी तुमचे २५० फार कमी आहेत, आमच्याकडे मुलगा ४०० घेतो आणि चहा वेगळा.

सदाशिव_पेठी

क्र. ४, ते तिसऱ्या माणसाचं माहीत नव्हतं. माझ्या मेव्हण्याचे परत मिळाले होते म्हणून लिहिलं. त्याने पिन कोणाला दिला नव्हता, हेही खरं.

थरथरणारं_बोट

मला स्वतःला कंप आहे, वय ६६. तुम्ही सगळे बँकेत अडकलात, पण काकूंचा मूळ प्रश्न बोटाचा आहे. फोन सॅमसंगचा असेल तर Settings मध्ये Accessibility, त्यात Interaction and dexterity. तिथे Ignore repeated touches चालू करा आणि अर्धा सेकंद ठेवा. बोट थरथरून दोनदा टेकलं तरी फोन एकदाच धरतो. त्याच्या शेजारी Tap duration आहे, त्याने ओझरता स्पर्श मोजलाच जात नाही. दोन्ही एकदम लावू नका, फोन हट्टी वाटतो. आधी पहिलं.

एक खोच आहे. पिनमध्ये एकच आकडा लागोपाठ असेल, समजा ४४, तर दुसऱ्या ४ आधी क्षणभर थांबावं लागतं, नाहीतर तोही गिळला जातो. त्यापेक्षा पिनच बदला, शेजारी-शेजारी सारखा आकडा नको. आणि फोन हातात धरायचा नाही. टेबलावर, खाली रबरी चटई, मनगट टेकलेलं. माझा पिन आता दहातून नऊ वेळा पहिल्याच फटक्यात लागतो. सकाळच्या गोळीनंतर तासाभराने बसलं तर आणखी बरं, संध्याकाळी मी पैशांचं काही करतच नाही.

कोथरूडची_मदतनीस

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले. फोन सॅमसंगच निघाला. Ignore repeated touches लावलं, आधी गणकयंत्रावर आकडे टाकायचा सराव केला म्हणजे चुकलं तरी खातं अडायला नको. नवा पिन काकूंनी स्वतः टाकला, मी स्वयंपाकघरात जाऊन थांबले. कालनिर्णयाचं पान त्यांनीच फाडलं. दुधाचे ३१० रुपये दुसऱ्या प्रयत्नात गेले. पाच मिनिटं लागली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की गड सर केलाय.

वेगळ्या खात्यासाठी शुक्रवारी शाखेत जाणार आहोत. सर्कलला मात्र ठाम नकार. "मुलीच्या पैशांनी भाजी आणू? आणि मी किती रुपयांची साखर आणली ते तिला नाशिकला कळणार?" मी म्हटलं, तुम्ही तिला दरमहा पैसे पाठवा, म्हणजे खर्च तुमचाच. तरी नाही. मुलीला सर्कलच हवंय. दोघींच्या मध्ये मी.

निवृत्त_खिडकी_क्र_४

त्यात तुम्ही पडू नका, ते मायलेकींचं. तुमच्यापुरती एक वही करा. प्रत्येक भेटीची तारीख, काय काम केलं, पैसे गेले असतील तर कोणाला, किती आणि त्या बारा आकड्यांतले शेवटचे चार. खाली काकूंची सही. पिनचा उल्लेख चुकूनही नको. वही काकूंच्याच घरी राहू दे, तुम्ही पानाचा फोटो घ्या.

कोथरूडची_मदतनीस

वही आजच घेते. पण माझ्याकडे आणखी एक आजोबा आहेत, त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. तिथे बोटाचा उपाय चालणार नाही आणि फोन आकडे मोठ्याने वाचू लागला तर शेजारच्यालाही ऐकू जातील. कुणी हे सोडवलंय का?

थरथरणारं_बोट

कानात इअरफोन घालून ऐकता येईल, पण मी करून पाहिलेलं नाही. कुणी वापरणारं असेल तर लिहा.