ईसीएनमधल्या ‘डिस्पोझिशन’ला मराठीत काय म्हणायचं?

खरेदीवाला, हिंगणा एमआयडीसी : अमेरिकेतल्या ग्राहकाकडून पंपाच्या गॅस्केटची ईसीएन, म्हणजे डिझाईनमधल्या बदलाची सूचना, आली आहे. रेव्हिजन बी जाऊन सी. खाली ‘डिस्पोझिशन’चा रकाना, त्यात स्टॉकपुढे ‘यूज अप’ आणि ऑर्डरवरच्या मालापुढे ‘कॅन्सल’. शब्दकोश उघडला तर ‘स्वभाव’ निघाला. गॅस्केटचा कसला आलाय जी स्वभाव?

निवृत्त मास्तर, धरमपेठ : सोपं आहे. विल्हेवाट.

डिझाईनवाली, बुटीबोरी : मास्तर, अर्थ बरोबर आहे. विल्हे लावणं म्हणजे मार्गी लावणंच. पण आज स्टोअरवाल्याला विल्हेवाट म्हटलं की तो माल थेट भंगारात टाकेल, आणि इथे तर उलट सांगितलंय : आहे तो वापरून संपवा. आम्ही रकान्यावर सरळ ‘जुन्या मालाचं काय करायचं’ असं लिहितो. बदलाचं कारण काय दिलंय? गळतीमुळे बदल असता तर बहुतेक ‘स्क्रॅप’च आलं असतं.

खरेदीवाला : कारण खर्चाचं आहे, नवा स्वस्त पडतो. स्टोअरमध्ये ६४० आहेत, बॉममध्ये, म्हणजे पंपाच्या सुट्या भागांच्या यादीत, पंपामागे २. म्हणजे ३२० पंप होईपर्यंत मी निवांत?

डिझाईनवाली : बदल कुठून लागू?

खरेदीवाला : सिरियल नंबर २१५० पासून. काल १९८९ पॅक झाला.

डिझाईनवाली : मग जुन्या गॅस्केटचे १६० पंपच राहिले, म्हणजे ३२० नग. उरलेले ३२० पडून राहतील. ‘यूज अप’ला सिरियलची हद्द आहे.

आयातवाला, वाडी : अमेरिकनांच्या तारखा सांभाळा! ०६/०५ आम्ही ६ मे वाचलं, ते निघालं ५ जून. महिनाभर आधीच नवा माल लावून बसलो.

खरेदीवाला : भाऊ, इथे तारीखच नाही, सिरियल आहे.

क्वालिटीवाला, हिंगणा : हद्द आहे हे मला पटत नाही. ‘यूज अप’ म्हणायचं आणि सिरियलही द्यायचा, म्हणजे कागद स्वतःशीच भांडतोय. ६४० चा आकडा कळवा आणि कोणतं धरायचं ते लेखी मागा. अंदाजाने पुढे गेलात आणि २१५० मध्ये बी लागला, तर तिकडच्या बॉममध्ये सी असणार. इन्स्पेक्शनला पंप अडकेल.

डिझाईनवाली : लेखी मागा, हे मान्य. उत्तर येईपर्यंत २१४९ च्या पुढच्या पंपांना बी इश्यू करू नका.

खरेदीवाला : आज मेल टाकतो. पण ऑर्डरवरचे १००० आहेत ना, त्यातले ४०० पुरवठादाराने कापून ठेवले म्हणतो. ‘कॅन्सल’ लिहून ग्राहक मोकळा झाला. त्या ४०० चे पैसे कोणाच्या खिशातून?

क्वालिटीवाला : ते ईसीएनमध्ये नाही सापडणार. ग्राहकाच्या पीओच्या, म्हणजे खरेदी ऑर्डरच्या, अटी काढा, रद्द केलेल्या मालाबद्दल काय लिहिलंय ते बघा.

मास्तर : तर मग ‘निपटारा’ कसा वाटतो?