एकाच वाक्यात दोन 'की': दोन्ही नामवाक्यंच का?

दगडफूल:
काल रात्री मुलीचं वाक्यपृथक्करण बघताना आम्ही दोघी एका वाक्यावर अडकलो. वाक्य असं आहे:

बाबांनी सांगितलं होतं की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.

मुलीने लिहिलं: 'बाबांनी सांगितलं होतं' हे प्रधानवाक्य, आणि 'तीन शिट्ट्या झाल्या' व 'गॅस बंद कर' ही दोन नामवाक्यं. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. 'की आला की पुढे नामवाक्य' असं तिला क्लासमध्ये सांगितलंय आणि तिथल्या उत्तरसूचीतही हेच उत्तर छापलंय. मला ते पटत नाही. शिट्ट्या झाल्या, असं बाबांनी सांगितलेलंच नाही. शिट्ट्या तर अजून व्हायच्या आहेत. पण चूक नेमकी कुठे आहे ते मला तिला समजावून देता येईना. कुणी नीट उलगडून सांगेल का?

पाणपोई:
मराठीत 'की' नेहमी दीर्घच लिहायचा. 'कि' हे हिंदीचं वळण. शब्दाच्या शेवटी येणारा इकार आपण दीर्घ लिहितो, 'आणि' आणि 'नि' हे त्याला अपवाद. हल्ली फलकांवरसुद्धा 'कि' दिसतो आणि फार वाईट वाटतं.

दगडफूल:
पाणपोई, दीर्घच लिहिलाय. प्रश्न लेखनाचा नाही, दोन 'की' वेगळे आहेत का, हा आहे.

रानवाट:
वेगळे आहेत. वाक्य मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या 'की'च्या आधी आपण थांबतो आणि दुसऱ्याच्या नंतर: 'सांगितलं होतं, की तीन शिट्ट्या झाल्या की, गॅस बंद कर.' जिथे 'की'च्या आधी थांबलात तिथे नामवाक्य, नंतर थांबलात तिथे क्रियाविशेषणवाक्य. स्वल्पविराम नीट दिला असता तर मुलगी चुकलीच नसती.

दगडफूल:
पण बातम्यांत सर्रास 'ते म्हणाले की,' असा 'की'नंतरच स्वल्पविराम असतो. आणि मी बोलताना खरंच तिथेच थांबते. मग तेही क्रियाविशेषणवाक्य म्हणायचं का?

ओसरी:
रानवाट, निष्कर्ष बरोबर, पण थांबण्यावर भरवसा ठेवू नका. दगडफूल म्हणतात तसे पुष्कळ जण 'म्हणाले की' एका दमात म्हणतात आणि मग थांबतात. कान फसतो. वाक्याची रचना तपासली तर फसायला होत नाही.

आधी क्रियापदं मोजा. सांगितलं होतं, झाल्या, बंद कर. तीन क्रियापदं, तीन वाक्यं. इथवर मुलीचं बरोबर आहे. आता कोणतं वाक्य कुणाच्या आश्रयाने उभं आहे ते बघायचं. 'सांगितलं होतं' याला 'काय?' असा प्रश्न विचारा. 'तीन शिट्ट्या झाल्या' हे त्याचं उत्तर नाही, दगडफूल यांना नेमकं हेच खटकलंय. उत्तर आहे 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' हे अख्खंच्या अख्खं. मग त्या उत्तराच्या आत शिरा आणि 'बंद कर' याला 'केव्हा?' विचारा. उत्तर: तीन शिट्ट्या झाल्या की.

म्हणजे 'तीन शिट्ट्या झाल्या' हे वाक्य 'सांगितलं'च्या हाताखालचं नाही. ते 'बंद कर'च्या हाताखालचं आहे आणि 'बंद कर' हे 'सांगितलं'च्या. प्रधानवाक्याचं ते नातवंड. मुलीने दोन्ही गौणवाक्यं एका रांगेत भावंडांसारखी बसवली, चूक तिथे झाली. मांडायचं असेल तर असं मांडावं: 'बाबांनी सांगितलं होतं' प्रधानवाक्य; 'गॅस बंद कर' नामवाक्य, 'सांगितलं होतं'चं कर्म; 'तीन शिट्ट्या झाल्या' क्रियाविशेषणवाक्य, 'बंद कर'चा काळ दाखवणारं.

मुलीला पटवायचं असेल तर वाक्य उलटं करायला सांगा:

तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, असं बाबांनी सांगितलं होतं.

नामवाक्य पुढे आलं तसा पहिला 'की' गळाला आणि त्याच्या जागी 'असं' आलं. दुसरा 'की' जिथल्या तिथे आहे, कारण तो बाबांच्या सांगण्याशी बांधलेला नव्हताच. पहिला 'की' आपल्या पुढच्या वाक्याचा असतो आणि दुसरा आपल्या मागच्या. क्लासचा नियम 'की'नंतर काय येतं एवढंच बघतो, म्हणून तो इथे पडतो.

दगडफूल:
हे अगदी स्वच्छ झालं! आणि 'तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद कर' असं केलं तर? अर्थ तोच राहतो की.

ओसरी:
अर्थ तोच, पण वाक्यं तीनाची दोन होतात. 'झाल्यावर' हे पुरं क्रियापद नाही, धातुसाधित आहे. त्यामुळे ते गौणवाक्य न राहता 'बंद कर'चा साधा कालदर्शक विस्तार होतं. पृथक्करणात बरेच गुण इथेच जातात. मुलं अर्थ बघून वाक्यं मोजतात, मोजायची असतात क्रियापदं.

ताडगोळा:
माझी मातृभाषा तमिळ. पुण्यात बारा वर्षं आहे, मराठी इथेच शिकलो. या चर्चेमुळे माझी एक जुनी अडचण आठवली. मी घरी कामाला येणाऱ्या मावशींना म्हणालो होतो, 'तीन शिट्ट्या होतील की गॅस बंद करा.' त्या म्हणाल्या, 'होतील की दादा, घाई काय आहे?' मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. शिट्ट्या पुढे व्हायच्या आहेत, मग भविष्यकाळ का चालत नाही?

ओसरी:
ताडगोळा, तुमच्या अनुभवात या चर्चेतली सगळ्यात चांगली कसोटी दडलेली आहे. काळ दाखवणाऱ्या 'की'च्या आधी भविष्यकाळी रूप चालत नाही. 'उद्या पोचलास की फोन कर' म्हणतो, 'पोचशील की फोन कर' म्हणत नाही. 'झाल्या', 'पोचलास' ही रूपं दिसायला भूतकाळाची, पण इथे ती काळ सांगत नाहीत, एक काम पुरं झालं की दुसरं सुरू, एवढंच सांगतात. म्हणूनच 'दिवाळी आली की आजी करंज्या करते' हे दरवर्षीचं असूनही 'आली'च राहतं.

तुम्ही 'होतील की' म्हटल्यावर मावशींना तो तिसराच 'की' ऐकू आला, 'येईल की', 'देतो की' मधला, खात्री देणारा. त्यांनी त्याच 'की'ने उत्तर दिलं. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

नामवाक्याला मात्र भविष्यकाळाची काही अडचण नाही. 'बाबा म्हणाले की तीन शिट्ट्या होतील' अगदी सरळ आहे. तेव्हा शंका आली तर त्या वाक्यात भविष्यकाळी रूप घालून बघा. वाक्य उभं राहिलं तर नामवाक्य, मोडलं किंवा भलताच अर्थ झाला तर काळाचा 'की'.

ताडगोळा:
म्हणजे 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.' आज संध्याकाळीच म्हणतो.

तुळशीवृंदावन:
आमच्याकडे बेळगावला हा घोळ होतच नाही. आम्ही म्हणू, 'शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर म्हणून सांगितलं होतं.' एकच 'की' राहिला, तो काळाचा. पण शाळेत 'म्हणून' म्हणजे कारण असं शिकवतात, त्यामुळे माझा भाचा 'गॅस बंद कर' हे सांगण्याचं कारण आहे असं लिहून आला.

ओसरी:
'म्हणून सांगितलं' फक्त बेळगावला नाही, सगळीकडे ऐकू येतं. तिथला 'म्हणून' 'असं'चंच काम करतो, 'गॅस बंद कर' हे नामवाक्यच. 'पाऊस आला म्हणून थांबलो' यातला 'म्हणून' निराळा, तो खरा कारणाचा. भाच्याला म्हणावं, 'म्हणून'च्या जागी 'असं' घालून बघ. 'असं सांगितलं' जमतं, 'असं थांबलो' जमत नाही.

रानवाट:
थांबण्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेते. पण 'काळ दाखवणारं' या नावावर आक्षेप आहे. 'पाऊस वेळेवर आला नाही की पेरण्या खोळंबतात.' इथे काळ कुठे आहे? जे घडलंच नाही त्याची वेळ कशी सांगणार? ही अट आहे. आणि 'की' हे संकेतबोधक उभयान्वयी अव्ययांतही दिलेलं असतंच. मग शिट्ट्यांचं वाक्यही संकेतदर्शक का म्हणू नये?

ओसरी:
रास्त आहे. 'आला नाही की' मध्ये मीही संकेतच म्हणेन, तिथे 'आला नाही तर' घालता येतं. शिट्ट्यांच्या वाक्यात 'झाल्या तर' घातलं की अर्थ बदलतो, शिट्ट्या होतीलच याची खात्री उरत नाही. म्हणून मी तिथे काळ म्हणते. पण 'दूध उतू गेलं की आई रागावते' हे काळ की संकेत, यावर मी दोन्ही बाजूंनी बोलू शकेन. क्रियाविशेषणवाक्य आहे एवढं मात्र दोन्हीकडे सारखंच.

दगडफूल:
हे सगळं आज मुलीला वाचून दाखवलं. तिने वही ओढली आणि मलाच वाक्य घातलं: 'मी जाणार की नाही हे बाबांना कळलं की ते मला फोन करतील.' मी केलेली फोड अशी. प्रधानवाक्य 'ते मला फोन करतील'. 'बाबांना कळलं' हे क्रियाविशेषणवाक्य, केव्हा करतील ते सांगणारं. आणि 'मी जाणार की नाही' हे नामवाक्य, 'कळलं'चा कर्ता, 'हे'ने धरून ठेवलेलं. जमलं का?

ओसरी:
नेमकं जमलं. नामवाक्याच्या आतला 'की' विकल्पाचा, 'चहा घेणार की कॉफी' मधला. तो दोन पर्याय जोडतो, कुणाला गौण करत नाही. आणि यावेळी प्रधानवाक्य अगदी शेवटी आहे, हे तुम्ही ओळखलंत. पुष्कळ जण पहिलं वाक्य तेच प्रधान असं धरून चालतात.

पाणपोई:
आधी मी प्रश्न नीट वाचला नव्हता. आता माझा एक घ्या. 'असा पाऊस आला की छत्री उलटी झाली.' इथे 'असं' पुढे घेऊन बघितलं, जमेना. भविष्यकाळ घातला, 'असा पाऊस येईल की छत्री उलटी होईल', तर तो बिनतक्रार चालला. मग तुमच्या कसोटीने हे नामवाक्य व्हायला हवं, पण ते 'काय?'चं उत्तर वाटत नाही.

ओसरी:
नामवाक्य नाही. माझी कसोटी काळाचा 'की' वेगळा काढण्यापुरती आहे, इथे तिचा उपयोग नाही. हा 'की' 'असा'ची जोडी पुरी करतो. 'इतका दमलो की जेवलो नाही' मध्ये 'इतका' दमण्याचं प्रमाण सांगतो, तेव्हा पुढचं वाक्य क्रियाविशेषणवाक्य, परिणामाचं.

रानवाट:
पण 'असा' इथे पावसाचं विशेषण आहे. कसा पाऊस? छत्री उलटी करणारा. मी विशेषणवाक्य म्हणेन.

ओसरी:
मी परिणाम म्हणेन, कारण 'जो... तो' घालून ते वाक्य बसत नाही. 'ज्याने छत्री उलटी झाली तो पाऊस' म्हटलं तर एक ठरावीक पाऊस दाखवला जातो, त्याचा जोर दिसत नाही.

रानवाट:
विशेषणवाक्य व्हायला 'जो' लागतोच, हे मला मान्य नाही.

पाणपोई:
मग मी उत्तर काय लिहू?

ओसरी:
परीक्षेत असेल तर परिणामदर्शक क्रियाविशेषणवाक्य लिहा. पण रानवाट यांनी विचारलेला 'कसा पाऊस?' हा प्रश्न मला अजून खोडता आलेला नाही.