'मुळाच्या गाठी': चांगल्या की वाईट? एकाच शब्दाचा घोळ

परसदार: घरामागच्या वाफ्यातली टोमॅटोची सात रोपं काल उपटली. पाणी भरपूर होतं, तरी त्यातली पाच दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. उपटून बघते तर मुळं आल्यासारखी वेडीवाकडी फुगलेली. सासरे म्हणाले, "गाठी आहेत म्हणजे चांगलंच, नत्र धरलंय. खतखड्ड्यात टाक." त्यांनी आयुष्यभर तूर-मूग केले आहेत. शाळेत आपणही 'मुळांवरील गाठी' हे उपकारक म्हणूनच शिकलो. पण रोपवाटिकेतून आणलेल्या पत्रकात लिहिलंय, 'मुळांवर गाठी दिसल्यास रोप नष्ट करावे.' मग या दोन गाठींना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? असतील तर सासऱ्यांशी नीट बोलता येईल.

चैत्रपालवी: धाग्याचं नाव वाचून पाडव्याच्या साखरेच्या गाठी वाटल्या. आमच्याकडे त्यांना 'गाठ्या' म्हणतात, त्या एकवचनात कशा वापरायच्या हे विचारायला आले होते. चुकलंच. पण 'नष्ट करावे' हे जरा जास्त नाही का? मुळं धुऊन रोप पुन्हा लावता येणार नाही?

शब्दवेडा: शब्द आहेत की! उपकारक ती 'ग्रंथी', रोगाची ती 'गाठ'. पुस्तकांत 'मूलग्रंथी' असा शब्द मी वाचला आहे. म्हणजे टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळावर असते ती गाठ, आणि कडधान्याच्या मुळावर असते ती ग्रंथी. पीक पाहायचं आणि शब्द निवडायचा, इतकं सोपं आहे.

काळीमाती: कृषी विद्यालयात बरीच वर्षं शिकवलं, म्हणून लिहितो. शब्दवेडा यांचं अर्धं बरोबर आहे. टोमॅटोच्या मुळावर नत्राच्या गाठी येतच नाहीत, त्यामुळे परसदार ताईंच्या वाफ्यात सूत्रकृमी, म्हणजे मुळीत शिरून राहणारा बारीक किडा, आहे, यात मला शंका नाही. दुपारी माना टाकणं हेही त्याचंच लक्षण, मुळी पाणी वर पोचवू शकत नाही. पण उलट बाजू खरी नाही. मूग, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांनाही सूत्रकृमी लागते, आणि मग एकाच मुळावर दोन्ही गाठी असतात. तिथे पीक पाहून शब्द निवडला की फसलात.

फरक ओळखायचा तो नखाने. नत्राची गाठ मुळीच्या अंगाला बाहेरून चिकटलेली असते, बारीक मण्यासारखी. नखाने हलकेच ढकलली की सुटून येते आणि खालची मुळी शाबूत राहते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळीच फुगलेली असते. ती काढायला गेलात तर मुळी तुटते. मुळी एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, माळेतल्या मण्यातून दोरा जावा तशी.

आणि चैत्रपालवी ताई, धुऊन उपयोग नाही. कृमी मुळीच्या बाहेर नसते, आत रुतून बसलेली असते.

गच्चीवरचा मूग: माझंही असंच झालंय! गच्चीतल्या कुंडीत मूग लावला होता. मुळावर गाठी भरपूर, पण झाडं वीतभरच, पानं पिवळी. मी खूश होतो की नत्र मिळतंय. त्याच कुंडीत आधी वांगं होतं. नखाने काही गाठी सुटल्या, काही नाही सुटल्या. सुटलेल्यांतल्या काही आतून पांढऱ्याच निघाल्या. याचा अर्थ काय घ्यायचा?

काळीमाती: छान निरीक्षण. सुटलेली गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी-लाल असेल आणि नखाला तसाच डाग लागला, तर ती काम करते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जवळच्या नात्यातल्या द्रव्याचा असतो. पांढरी असेल तर एकतर कोवळी, नाहीतर निकामी. शेंगा भरायच्या सुमारास हिरवट-तपकिरी दिसली तर ती म्हातारी झाली, घाबरायचं कारण नाही. तेव्हा रंग बघताना झाडाचं वयही बघा.

न सुटणारी फुगलेली मुळी कापलीत आणि भिंग असेल, तर आत टाचणीच्या टोकाएवढा पांढरा, चकाकता थेंब दिसेल. ती सूत्रकृमीची मादी. एकदा मुळीत बसली की जागची हलत नाही, फुगत जाते आणि शेपटीकडून चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार मातीत महिन्याभरात पुढची पिढी तयार. तुमच्या कुंडीत वांग्याने कृमी पोसली आणि मुगाला वारसा मिळाला.

शब्दवेडा: मान्य, पीक पाहून चालणार नाही. पण शब्दांची विभागणी मी सोडत नाही. 'ग्रंथी' चांगली, 'गाठ' वाईट, असं ठरवून टाकू या.

पोथीवाचक: ठरवता येईल, पण शब्दांना पटणार नाही. 'गाठ' ही 'ग्रंथि'चीच लेक. संस्कृत ग्रंथि, प्राकृत गंठि, मराठी गाठ. 'ग्रंथ'ही त्याच घरातला. शिवाय 'ग्रंथी' म्हटलं की लोकांना गळ्यातली थायरॉइड आठवते. वर, संस्कृत शब्द तो चांगला आणि मराठी तो रोगट, ही वाटणी मला तरी आवडत नाही.

काळीमाती: हा घोळ आपल्या भाषेपुरता नाही. सतराव्या शतकात इटलीच्या माल्पीगीने शेंगवर्गीय झाडाच्या मुळावरच्या नत्राच्या गाठींचं चित्र काढलं आणि त्या रोगट गाठींच्या खात्यात टाकल्या. तुमच्या सासऱ्यांची नेमकी उलटी चूक. गाठीतला जिवाणू वेगळा काढला तो १८८८ साली, हॉलंडच्या बायरिंकने. 'सूत्रकृमी' हा शब्द मात्र चोख आहे, दोऱ्यासारखा किडा. पण गाठीत बसलेली मादी दोऱ्यासारखी नसते, पेरूसारखी फुगीर असते. म्हणून भिंगातून पाहणारे "यात सूत्र कुठे आहे?" असं विचारतात.

बांधावरची: आमच्या गावात नामापेक्षा क्रियापद वेगळं असतं. मुगाला "गाठी धरल्या" म्हणतात, फळ धरावं तशा. टोमॅटोची "मुळी गाठाळली". माझ्या आजीला कृमी-बिमी काही माहीत नव्हती, पण दोन्हींची गल्लत तिने कधी केली नाही.

पोथीवाचक: हे मला सगळ्यात पटलं. 'धरणे'त झाडाचा पुढाकार आहे, 'गाठाळणे'त झाडावर ओढवलेलं आहे. इतर भागांत असं बोलतात का, कुणी सांगावं.

शब्दवेडा: पत्रकात 'मुळी गाठाळल्यास' छापलं तर शहरातल्या किती जणांना कळेल?

चैत्रपालवी: मला कळलं. पण मग ती मुळं टाकायची कुठे?

काळीमाती: खतखड्ड्यात नको. घरचा खड्डा आतून पुरेसा तापत नाही, अंडी जिवंत राहतात आणि खताबरोबर वाफाभर पसरतात. मुळं खणून, उन्हात कडक वाळवून जाळा. गच्चीवाल्यांनी कुंडीतली माती ओली करून एप्रिल-मेच्या उन्हात पातळ पसरावी, वर पारदर्शक प्लॅस्टिक घालावं आणि महिनाभर तशीच ठेवावी. वाफ्यात पुढच्या हंगामात झेंडूच दाट लावा. टोमॅटोच्या ओळीत मधेच दोन झेंडू खोचून फारसं काही होत नाही. आणि यानेही कृमी नाहीशी होत नाही, कमी होते, हे लक्षात ठेवा.

परसदार: आज सासऱ्यांसमोर बसून एक मुळी कापली. नखाने गाठ सुटेना. शेजारच्या चवळीची गाठ टिचकीसरशी सुटली, आतून गुलाबी. त्यांनी दोन्ही तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, "ही गाठ, अन् ती सूज." खड्ड्यातली मुळं त्यांनी स्वतःच काढून आणली. फक्त कालपासून त्यावर शेण पडलंय, तेवढा थरही उचलायला हवा का?

बांधावरची: 'सूज'! माझ्या आजीलाही चाललं असतं.