मदत हवी आहे: शोधनिबंधाच्या लेखात मर्यादा कुठे सांगावी?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय. संत्र्याच्या मूळकुजीवरच्या माझ्या शोधनिबंधाचा मराठी विज्ञान मासिकासाठी लेख करतेय. सुरुवात काटोलच्या बागेतल्या गोष्टीने केली: पावसाचं पाणी साचलं, पानं पिवळी पडली, बुंध्यातून डिंक गळू लागला. पुढे उपशीर्षकं, ‘झाड का सुकलं?’, ‘पाण्यात पोहणारे बीजाणू’, ‘दुहेरी आळं कशासाठी?’ मूळकुज घडवणाऱ्या फायटोप्थोराचं नाव दुसऱ्या उपशीर्षकापर्यंत मुद्दाम राखून ठेवलंय, म्हणजे कारणाची उत्सुकता टिकते.

अडचण अशी की प्रयोग कुंडीतल्या जंबेरीच्या, म्हणजे संत्र्याच्या कलमासाठी खुंट म्हणून वापरतात त्या रोपांवर झालाय. गोष्ट वाचून बागायतदारांना तो बागेतच सिद्ध झाल्यासारखं वाटेल, आणि ते मला अजिबात नकोय. ही मर्यादा गोष्ट संपताच सांगू, की प्रयोगाच्या भागात? गोष्टीतला बागायतदार काल्पनिक आहे, हेही तिथेच लिहावं का?