मदत हवी आहे: ऑर्डरी येतात, पैसे उरत नाहीत

घाटावरचा_गणू: ड्रॉपशिपिंगमध्ये भाजीचा चॉपर विकतोय. विक्री ७९९, माल ३१०, कुरिअर ७५, जाहिरात ऑर्डरमागे २३०. म्हणजे १८४ सुटायला हवेत. १०० ऑर्डरी झाल्या, खात्यात शिल्लक उणे! सप्लायर फसवतोय का? लवकर सांगा, उद्या जाहिरातीचं बजेट वाढवायचंय.

निशिगंधा: बजेट वाढवू नका. कॅश ऑन डिलिव्हरी आहे का? परत किती आल्या?

घाटावरचा_गणू: सगळ्या सीओडीच. ३० परत आल्या. पण त्यांचा माल सप्लायर फुकट घेतो, मग नुकसान कसलं?

बाजीरावांचा_नातू: चॉपर जुना झाला. प्रॉडक्ट बदला. जाहिरातीच्या तिप्पट विक्री झाली की फायदाच, हा साधा नियम आहे.

निशिगंधा: त्याची विक्री साडेतीनपटीच्या जवळ दिसतेय, तरी तोटा आहे. डॅशबोर्ड नोंदवलेली ऑर्डर मोजतो, दारात मिळालेले पैसे नाही.
गणू, जाहिरात आणि जातानाचं कुरिअर १०० ऑर्डरींचं भरलंस, पैसे ७० चेच आले. परतीचं कुरिअर किती? २३० वर जीएसटी धरलास का?

घाटावरचा_गणू: परतीचे ६५. जीएसटी वेगळा लागतो? बिल उघडून बघितलं, १८ टक्के आहे.

निशिगंधा: मग मांड. ७० × ७९९ = ५५,९३०. त्यातून माल २१,७००, जाताना ७,५००, परतीचे १,९५० वजा केले की उरतात २४,७८०. जाहिरात जीएसटीसह २७,१४०. तोटा २,३६०. सप्लायरने काही केलेलं नाही.
सुरू करण्याआधी उलटं मोजायचं होतं: नोंदवलेल्या ऑर्डरमागे जाहिरातीला जास्तीत जास्त २४७ परवडतात, जीएसटी धरून. डॅशबोर्डवर २१० च्या वर आकडा गेला की घरातून घालावे लागणार.

कोल्हापुरी_लोणचं: आमच्या बरण्याही कुरिअरमध्ये फुटायच्या. भुसा सोडून बबल रॅप घेतला, परती थांबल्या.

बाजीरावांचा_नातू: ताई, इथे बरणी कुठे आली! गणू, सीओडी बंद कर, विषय संपला.

निशिगंधा: एकदम बंद केलंस तर ऑर्डरीच आटतील आणि ऑर्डरमागची जाहिरात महागेल. पाठवण्याआधी फोन करून पत्ता पक्का कर. आधी पैसे भरणाऱ्याला ४० ची सूट देऊन बघ, ती सूटही हिशेबात धर. परती १५ वर आल्या तर, सूट वगळून, हीच मर्यादा ३३० पर्यंत जाते. सगळं परतीच्या आकड्यावर आहे, आणि तो आधी कोणालाच ठाऊक नसतो. मी नव्या मालाला ३५ धरून बघते.

करसल्लागार_नाही: विक्रीवरचा जीएसटी कोणी धरलाच नाही. नंबर आहे ना?

घाटावरचा_गणू: नाही. ४० लाखांपर्यंत लागत नाही म्हणतात.

करसल्लागार_नाही: माल दुसऱ्या राज्यात जातो का? मग ती सूट नाही, पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागते. नंबर असता तर जाहिरातीवरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळालं असतं.

घाटावरचा_गणू: निम्म्या ऑर्डरी गुजरात-कर्नाटकच्या आहेत. जाहिरात आत्ता थांबवली. ९९९ ला विकला तर?

बाजीरावांचा_नातू: कोण घेणार?

निशिगंधा: परती वाढतील की नाही, ते २० ऑर्डरींवर बघ. पण आधी सीए गाठ.