मदत हवी आहे: ‘यायला पाहिजे होतं’ आणि ‘यावं लागलं’ यातला फरक कसा समजावू?

शाईपेन:
ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मराठी शिकवतेय, त्याची मातृभाषा वेगळी आहे पण बोलतो छान. परवा तो म्हणाला "रविवारी मला ऑफिसला यायला पाहिजे होतं" आणि टीम लीडने लगेच विचारलं, मग आला का नाहीस? तो तर अख्खा दिवस बसून काम करून गेला होता! त्याला "यावं लागलं" म्हणायचं होतं. मी वाक्य दुरुस्त केलं पण कारण विचारल्यावर अडकले, दोन्हीकडे सक्तीच आहे ना? शिवाय पाहिजे, हवं, लागतं यातलं जास्त कडक कोणतं असंही तो विचारतोय. व्याकरणातली जड नावं नकोत, बोलताना वापरता येईल असं सांगा प्लीज.

डोंगरवाट:
सोपंय की, पाहिजे हे बोलीतलं, हवं हे शुद्ध आणि लागतं सगळ्यात कडक. एवढं सांगा, पुरे.

जुनी_पाटी:
डोंगरवाट, हवं जरा लेखी वाटतं हे ठीक, पण पाहिजे अशुद्ध नाहीये, दोन्ही प्रमाण मराठीच. आणि कडकपणाची पट्टी लावली तर तो पुन्हा फसेल, कारण "उद्या आलंच पाहिजे" हे "कधीकधी यावं लागतं" पेक्षा कितीतरी कडक आहे.

शाईपेन, त्याला असं सांगून बघा. पाहिजे किंवा हवं म्हणताना आपण काय होणं योग्य आहे ते सांगतो. लागतं म्हणताना परिस्थितीने काय करायला लावलं ते सांगतो. चालू काळात हे जवळजवळ सारखंच ऐकू येतं म्हणून फरक कळत नाही, भूतकाळात मात्र लगेच उघडा पडतो. "गोळी घ्यावी लागली" म्हणजे घेतली, नाइलाजाने का होईना पण पोटात गेली. "गोळी घ्यायला पाहिजे होती" म्हणजे घेणं योग्य होतं पण घेतली नाही. टीम लीडने तेच ऐकलं, त्यांचं काही चुकलं नाही.

आता नकार लावा, तिथे सगळं उलटतं. "घ्यावी लागली नाही" म्हणजे गरजच पडली नाही, गोळी पाकिटातच आहे. "घ्यायला नको होती" म्हणजे घेऊन झाली आणि आता वाईट वाटतंय. हे चार एकत्र म्हणून घ्या त्याच्याकडून, आणि दर वेळी एकच प्रश्न विचारा, गोळी घेतली की नाही?

शाईपेन:
हे भारी आहे!! पण मग "आता गोळी घ्यायला नको" याचा अर्थ काय, गरज नाही की घ्यायचीच नाही? मला दोन्ही ऐकू येतंय.

जुनी_पाटी:
दोन्ही होतात, आणि म्हणूनच औषधाच्या बाबतीत ते वाक्य वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. गरज नसेल तर "घ्यावी लागणार नाही" म्हणा, मनाई असेल तर "घेऊ नका", फारच सक्त असेल तर "घेता कामा नये". नुसत्या नको वर सोडलं की ऐकणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो.

चाफा२२:
मनाईचा विषय निघालाच आहे तर माझं पण सांगा ना. मी रिसेप्शनला असते, "तुम्ही आत जाऊ शकत नाही" म्हटलं की लोक चिडतात, एक काका तर म्हणाले मला चालता येतं चांगलं. परवानगी नाही हे नम्रपणे कसं सांगायचं?

जुनी_पाटी:
चाफा, शकत नाही मध्ये अंगात ताकद नाही हाही अर्थ येतो, शिवाय वाक्य थेट "तुम्ही" वर येऊन पडतं. "आत्ता आत जाता येणार नाही" म्हणून बघा, तुम्ही-मी कुणीच नाही त्यात, अडचण परिस्थितीची वाटते. कारण जोडलंत तर अजून बरं, "मीटिंग चालू आहे, थोड्या वेळाने जाता येईल".

डोंगरवाट:
पण येतं हे शिकलेल्या गोष्टीसाठी असतं ना? पोहता येतं, गाडी चालवता येते वगैरे.

जुनी_पाटी:
त्यासाठी असतंच, पण तेवढ्यासाठीच नाही. "मला पोहता येतं पण खांदा दुखतोय म्हणून आज पोहता येणार नाही" हे एकाच वाक्यात चालतं की, पहिलं कौशल्य आणि दुसरी अडचण. शकतो वापरून "मी पोहू शकतो" म्हटलं तर शिकलाय की आज तब्येत ठीक आहे, नक्की कळत नाही.

शाईपेन:
आज त्याच्याकडून गोळीची चार वाक्यं करून घेतली, तिसऱ्याला अडखळला पण जमलं. मग स्वतःच विचारतो, रविवारी यायचं ठरलं होतं पण काम शनिवारीच संपलं तर काय म्हणू? मी "यावं लागणार होतं" सांगितलं, बरोबर ना? आणि "मी यायला पाहिजे" की "मला यायला पाहिजे"?

जुनी_पाटी:
लागणार होतं बरोबर. मी आणि मला दोन्ही कानाला चालतात, मला "मी" मध्ये जबाबदारी जास्त जाणवते.

डोंगरवाट:
मला नाही जाणवत, आमच्या घरी सगळे "मला" च म्हणतात आणि जबाबदारी तेवढीच असते.